क्रिएटिन, केस आणि वीस रग्बीपटू

समजा, वारजे माळवाडीत राहणारा चोवीस वर्षांचा एक तरुण आहे. सोयीसाठी त्याला समीर म्हणू. नोकरी हिंजवडीला, बहुतेक दिवस रात्रपाळी. सहा महिन्यांपूर्वी घराजवळची जिम लावली आणि तिथल्या मित्राच्या सांगण्यावरून क्रिएटिनचा डबा आणला. रोज एक चमचा पाण्यात घालून तो घेत होता. वजन उचलण्यात फरक जाणवत होता, तब्येतीची कसलीही तक्रार नव्हती. मग एके दिवशी आंघोळीनंतर मोरीच्या जाळीवर केसांचा पुंजका दिसला. जिममध्ये विषय काढला, तर एक जण म्हणाला, ‘‘अरे, क्रिएटिननं डीएचटी वाढतं, टक्कल पडतं.’’ दुसऱ्यानं भर घातली, ‘‘आणि टेस्टोस्टेरॉन कमी होतं ते वेगळंच.’’ समीरनं त्याच रात्री डबा कपाटाच्या वरच्या फळीवर टाकला.

वारज्यातच नव्हे, कुठल्याही शहरातल्या कुठल्याही जिममध्ये हे संभाषण ऐकू येईल. दोन दावे नेहमी जोडीनं येतात. एक, क्रिएटिन पुरुषी संप्रेरक म्हणजे टेस्टोस्टेरॉन कमी करतं. दोन, ते डीएचटी नावाचं दुसरं संप्रेरक वाढवतं आणि त्यामुळे केस जातात. या समजाचा उगम शोधत गेलं, की माग एका ठिकाणी जाऊन थांबतो. दक्षिण आफ्रिकेतल्या स्टेलेनबॉश विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेला एक छोटा शोधनिबंध, हेच ते ठिकाण.

आधी ही पावडर काय आहे ते

क्रिएटिन हे संप्रेरक नाही आणि स्टेरॉइडही नाही. ते आपल्या शरीरातच तयार होतं. यकृत आणि मूत्रपिंडं मिळून रोज साधारण एक ग्रॅम क्रिएटिन बनवतात. मांस-मासे खाणाऱ्यांना आहारातून आणखी एखादा ग्रॅम मिळतो. सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या अंगात सुमारे १२० ग्रॅम क्रिएटिन असतं आणि त्यातलं जवळजवळ सगळं स्नायूंमध्ये साठलेलं असतं. जड वजन उचलताना किंवा जोरात धावताना पहिल्या काही सेकंदांत स्नायूंची ऊर्जा झपाट्यानं संपते. ती तितक्याच झपाट्यानं भरून काढणं हे क्रिएटिनचं काम. रोज तीन ते पाच ग्रॅम पावडर घेतली, की हा साठा काही आठवड्यांत भरतो. काही जण घाई म्हणून पहिले पाच-सात दिवस रोज वीस ग्रॅम, चार वेळांत विभागून घेतात. याला जिमच्या भाषेत ‘लोडिंग’ म्हणतात.

डीएचटी म्हणजे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन. शरीरातल्या टेस्टोस्टेरॉनचा थोडा भाग एका विकरामुळे डीएचटीत बदलतो. डीएचटी हे टेस्टोस्टेरॉनपेक्षा जास्त प्रभावी असतं आणि टक्कल पडण्याशी त्याचा संबंध आहे, हे खरं आहे. ज्यांच्या डोक्यावरच्या केसांची मुळं जन्मतःच डीएचटीला संवेदनशील असतात, त्यांचे केस त्याच्या परिणामानं हळूहळू बारीक आणि आखूड होत जातात. टकलावर दिलं जाणारं फिनास्टेराइड हे औषध नेमकं तेच विकर अडवतं आणि रक्तातलं डीएचटी सुमारे ७० टक्क्यांनी खाली आणतं. म्हणजे अफवेचा एक पाय पक्क्या जमिनीवर आहे. प्रश्न दुसऱ्या पायाचा आहे. क्रिएटिन हे डीएचटी खरोखर वाढवतं का?

२००९ साली नेमकं काय झालं

स्टेलेनबॉशच्या संशोधकांनी एका रग्बी संस्थेतले कॉलेजवयीन वीस खेळाडू घेतले. स्पर्धांचा हंगाम चालू होता. प्रयोगाच्या दोन फेऱ्या होत्या. एका फेरीत खेळाडूला सात दिवस रोज २५ ग्रॅम क्रिएटिन आणि २५ ग्रॅम ग्लुकोज, त्यानंतर चौदा दिवस रोज पाच ग्रॅम क्रिएटिन आणि २५ ग्रॅम ग्लुकोज दिलं गेलं. दुसऱ्या फेरीत क्रिएटिनऐवजी नुसतं ग्लुकोज. दोन फेऱ्यांमध्ये सहा आठवड्यांची विश्रांती, म्हणजे पहिल्या फेरीचा परिणाम दुसरीत उतरू नये. कोणाला कधी काय मिळतंय, हे खेळाडूंनाही माहीत नव्हतं आणि तपासणाऱ्यांनाही. प्रयोगाची ही रचना चांगली म्हणावी अशीच होती.

संशोधकांचा प्रश्न केसांबद्दल नव्हता. क्रिएटिनमुळे ताकद वाढते, तर त्यात पुरुषी संप्रेरकांचा काही हात आहे का, हे त्यांना पाहायचं होतं. निष्कर्ष असा आला: टेस्टोस्टेरॉनमध्ये काहीही बदल नाही. डीएचटी मात्र सात दिवसांनंतर ५६ टक्क्यांनी वाढलेलं आढळलं आणि पुढच्या चौदा दिवसांनंतरही ते मूळ पातळीपेक्षा ४० टक्क्यांनी जास्त होतं. डीएचटी आणि टेस्टोस्टेरॉन यांचं गुणोत्तरही वाढलं.

पुढचा प्रवास सहज कळण्यासारखा आहे. डीएचटी वाढलं, डीएचटीनं टक्कल पडतं, म्हणून क्रिएटिननं टक्कल पडतं. तर्क सरळ वाटतो. पण त्या अभ्यासात एकाही खेळाडूचा एकही केस मोजला गेला नव्हता. केस गळाल्याची तक्रार कोणी केली का, हा त्या अभ्यासाचा विषयच नव्हता. तीन आठवड्यांच्या प्रयोगात टक्कल दिसणंही शक्य नव्हतं. डोक्यावरचा केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग तीन-एक महिने विश्रांती घेतो आणि गळतो. त्याच्यावर होणारा संप्रेरकांचा परिणाम दिसायला महिने जातात. अफवेतला केसांचा भाग वाचणाऱ्यांनी स्वतः जोडलेला आहे.

५६ टक्के म्हणजे किती?

छप्पन टक्के हा आकडा ऐकायला दणदणीत आहे. तो कशाचे छप्पन टक्के, हे पाहिलं की चित्र बदलतं.

क्रिएटिनच्या फेरीत सुरुवातीला, म्हणजे एक चमचाही घेण्यापूर्वी, डीएचटीची सरासरी लीटरमागे ०.९८ नॅनोमोल होती. ग्लुकोजच्या फेरीत सुरुवातीची सरासरी १.२६ होती. हे दोन वेगळे गट नव्हते, दोन्ही फेऱ्यांत खेळाडू तेच होते. म्हणजे काहीही न घेता, केवळ वेगवेगळ्या वेळी रक्त तपासल्यामुळे पातळीत इतका फरक दिसत होता. क्रिएटिनची फेरी योगायोगानं खालच्या पायरीवरून सुरू झाली. खालून मोजलेली चढण नेहमीच जास्त उंच वाटते.

आता ०.९८ वर ५६ टक्के चढवले, की आकडा दीडच्या आसपास येतो. निरोगी प्रौढ पुरुषात हे संप्रेरक साधारण ०.४ पासून ३.३ पर्यंत कुठेही असू शकतं. म्हणजे ‘वाढ’ झाल्यानंतरही हे खेळाडू निरोगी मर्यादेच्या मध्याच्या खालीच होते. एखाद्याचा पगार छप्पन टक्क्यांनी वाढला म्हणून तो श्रीमंत झाला असं नाही, मुळात पगार किती होता ते विचारावं लागतं.

याचा अर्थ तो अभ्यास खोटा होता असा नाही. छोट्या अभ्यासात असे चढउतार दिसतात. त्यातला खरा परिणाम कोणता आणि योगायोग कोणता, हे तोच प्रयोग इतरांनी करून पाहिल्यावरच कळतं. खुद्द त्या संशोधकांनीही पुढे तपास व्हायला हवा, असंच लिहिलं होतं.

पुढे काय आढळलं

क्रिएटिनचा टेस्टोस्टेरॉनवर काय परिणाम होतो, हे इतर बारा अभ्यासांत पाहिलं गेलं. त्यांचा एकत्र आढावा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. डोस रोज तीन ग्रॅमपासून २५ ग्रॅमपर्यंत, कालावधी सहा दिवसांपासून बारा आठवड्यांपर्यंत. दहा अभ्यासांत टेस्टोस्टेरॉन जिथल्या तिथे राहिलं. दोन अभ्यासांत ते किंचित वाढलं, पण शरीरावर काही फरक पडावा इतकं नाही. कमी मात्र ते एकातही झालं नाही. पाच अभ्यासांत ‘फ्री टेस्टोस्टेरॉन’ही मोजलं होतं. डीएचटीत बदलतो तो हाच मोकळा भाग. तोही वाढला नव्हता.

तरीही डीएचटी आणि केस या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मोजणारा अभ्यास सोळा वर्षं झाला नव्हता. तो २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. नियमित वजनं उचलणारे १८ ते ४० वयोगटातले ४५ पुरुष त्यात होते. निम्म्यांना बारा आठवडे रोज पाच ग्रॅम क्रिएटिन, बाकीच्यांना दिसायला तशीच पण क्रिएटिन नसलेली पावडर. ३८ जण शेवटपर्यंत टिकले. या वेळी रक्तातल्या संप्रेरकांसोबत डोक्याच्या त्वचेची मोठी करून घेतलेली छायाचित्रं पाहून केसांची घनता, जाडी आणि वाढीच्या अवस्थेतल्या केसांचं प्रमाणही मोजलं. दोन्ही गटांत डीएचटीत फरक आढळला नाही, गुणोत्तरात नाही आणि केसांतही नाही.

या अभ्यासातली एक बारीक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. बारा आठवड्यांत फ्री टेस्टोस्टेरॉन दोन्ही गटांत घटलं होतं आणि एकूण टेस्टोस्टेरॉन दोन्ही गटांत वाढलं होतं. तुलनेला दुसरा गट नसता, तर पहिल्या आकड्यावरून ‘क्रिएटिननं संप्रेरक घटतं’ आणि दुसऱ्यावरून ‘क्रिएटिननं संप्रेरक वाढतं’ असे दोन्ही मथळे देता आले असते. साधी पावडर घेणाऱ्यांतही तेच घडलं, म्हणून ते श्रेय किंवा तो दोष क्रिएटिनचा नाही, हे कळलं.

या अभ्यासालाही मर्यादा आहेत. माणसं ३८, काळ तीन महिने, सगळे पुरुष. वर्षानुवर्षं क्रिएटिन घेणाऱ्याबद्दल किंवा घरात सगळ्यांनाच लवकर टक्कल पडलेल्या एखाद्याबद्दल यावरून शपथेवर काही सांगता येत नाही. पण आज हातात असलेला पुरावा एका बाजूला झुकतो. २००९ ची डीएचटीवाढ केसांसह केलेल्या या थेट चाचणीत पुन्हा दिसली नाही.

मग ‘टेस्टोस्टेरॉन कमी होतं’ कुठून आलं?

टेस्टोस्टेरॉन कमी होण्याची गोष्ट त्या मूळ अभ्यासातही नाही. ती गुणोत्तराच्या चुकीच्या वाचनातून सहज तयार होते. डीएचटी टेस्टोस्टेरॉनपासून बनतं, मग ते वाढलं म्हणजे टेस्टोस्टेरॉन तेवढं खर्ची पडलं असणार, असा हिशेब मनात मांडला जातो. पण टेस्टोस्टेरॉन हे रक्तात डीएचटीच्या दहापट किंवा त्याहूनही अधिक असतं. शिवाय ते थोडं घटलं, तर मेंदूतली पीयूषिका ग्रंथी इशारा देऊन ते पुन्हा भरून काढते.

दुसरं कारण अधिक गंभीर आहे. जिममध्ये क्रिएटिन आणि स्टेरॉइड एकाच दमात उच्चारले जातात. स्टेरॉइडची इंजेक्शनं किंवा गोळ्या घेतल्या, की शरीराला बाहेरून आयतं संप्रेरक मिळतं. पीयूषिका ग्रंथी आपला इशारा बंद करते, वृषणांचं काम मंदावतं, ती आकसतात, शुक्रजंतू घटतात. स्टेरॉइड थांबवल्यावर टेस्टोस्टेरॉन कित्येक महिने खालीच राहू शकतं. यात केसही जाऊ शकतात. म्हणजे जिममध्ये सांगितली जाणारी लक्षणं खरी असतात, पण ती ज्या पदार्थाची असतात त्याचं नाव घेतलं जात नाही. काही वेळा घेणाऱ्यालाही ते माहीत नसतं, कारण ताकदीच्या नावानं विकल्या जाणाऱ्या काही मिश्र पावडरींमध्ये न सांगता स्टेरॉइड मिसळलेली आढळली आहेत. पावडर घेतल्यावर दोन महिन्यांत अंग विलक्षण भरलं, पाठीवर पुटकुळ्या आल्या, छाती स्तनांसारखी दुखू-फुगू लागली, तर ते साधं क्रिएटिन नव्हे, असं समजावं आणि डबा घेऊनच डॉक्टरांकडे जावं.

समीरच्या डोक्यावर काय घडलं?

आता पुन्हा वारज्यात येऊ. समीरनं डबा बाजूला ठेवला, पण केस गळायचे थांबले नाहीत. घाबरून त्यानं रात्रपाळी संपवून येताना, झोप न घेता, दुपारी रक्त दिलं. टेस्टोस्टेरॉन डेसिलीटरमागे २९० नॅनोग्रॅम आलं. खालची मर्यादा साधारण ३००. ‘‘बघ, सांगितलं नव्हतं?’’ असं मित्र म्हणाला.

डॉक्टरांनी विचारलेला पहिला प्रश्न होता, ‘‘रक्त किती वाजता दिलंस? आणि त्या आठवड्यात किती झोपलास?’’ टेस्टोस्टेरॉन झोपेत वाढतं आणि उठल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत सर्वांत जास्त असतं. पुढे दिवसभर ते उतरतं. निरोगी तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं, तर दिवसातली पातळी १० ते १५ टक्क्यांनी खाली येते, हे २०११ च्या एका अभ्यासात दिसलं आहे. म्हणून ही तपासणी पुरेशी झोप झाल्यावर, सकाळी, उपाशीपोटी करायची असते आणि आकडा कमी आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करायची असते. समीरनं आठवडाभर दिवसपाळी घेऊन सकाळी आठला रक्त दिलं, तेव्हा आकडा ५१० आला.

दुसरा प्रश्न होता, ‘‘गेल्या तीन-चार महिन्यांत मोठा ताप आला होता का?’’ समीरला आठवलं. पावसाळ्याच्या शेवटी डेंगी झाला होता, सहा दिवस ताप होता. तोपर्यंत हा धागा कोणीच जोडला नव्हता. मोठा ताप, शस्त्रक्रिया किंवा अतिरेकी डाएट यांच्या धक्क्यानं वाढत असलेले पुष्कळ केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळतात. ताप विसरलेला असतो, डबा मात्र समोर असतो.

ही गळती ओळखता येते. केस सगळ्या डोक्यावरून सारखे जातात, मुळासकट येतात आणि टोकाला बारीकशी पांढरी गाठ दिसते. भांग थोडा विरळ वाटतो, पण कपाळाची रेघ मागे सरकत नाही. बहुतेकांत सहा महिन्यांत ही गळती आपोआप आटोक्यात येते.

आनुवंशिक टक्कल वेगळं दिसतं. त्यात कानशिलांच्या वरचे कोपरे मागे जातात किंवा डोक्याचा मध्य विरळ होतो, पाठीमागचे आणि बाजूचे केस दाट राहतात. मोरीत पुंजके दिसतीलच असं नाही, कारण केस एकदम गळण्याऐवजी वर्षानुवर्षं बारीक होत जातात. भिंगातून पाहिलं, तर एकाच जागी जाड आणि बारीक केसांची मिसळ दिसते. हे टक्कल अनेकांत विशीतच सुरू होतं, आणि जिम लावण्याचं, क्रिएटिन सुरू करण्याचंही वय तेच. दोन गोष्टी एकाच वर्षी सुरू झाल्या, की एक दुसरीचं कारण वाटू लागते.

समीरच्या बाबतीत कपाळाची रेघ जागेवर होती, गळालेल्या केसांना पांढरी टोकं होती. डॉक्टरांनी हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड तपासून घेतलं, थांबायला सांगितलं आणि वेगळं औषध दिलं नाही. क्रिएटिन सुरू ठेवायचं की नाही, हे त्याच्यावर सोडलं. फक्त एक बजावलं: पुढे कधी मूत्रपिंडाची तपासणी करायची झाली, तर क्रिएटिन घेतोस हे आधी सांग. क्रिएटिनचं शरीरात क्रिएटिनिन होतं आणि तपासणीत मोजतात ते क्रिएटिनिनच. पावडर घेणाऱ्याचा हा आकडा मूत्रपिंडं ठणठणीत असतानाही थोडा जास्त येऊ शकतो. मूत्रपिंडाचा आजार आधीपासून असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय क्रिएटिन घेऊच नये.

ज्याचे केस कोपऱ्यांतून मागे सरकत आहेत, त्यानं डबा फेकून निश्चिंत होऊ नये. क्रिएटिन बंद केल्यानं आनुवंशिक टक्कल थांबल्याचा पुरावा नाही. लवकर सुरू केलेल्या उपचारांचा मात्र उपयोग होतो, कारण मुळं पूर्ण आकसल्यावर औषधांना फारसं काही करता येत नाही. या अफवेनं होणारं खरं नुकसान हेच आहे. पावडर बंद करून तरुण वाट पाहत बसतो आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे पोचेपर्यंत दोन वर्षं निघून जातात.